रजेचं धोरण लिहिताना: अर्धा महिना, मधला रविवार आणि गप्प बसलेला मॅनेजर

एचआरमध्ये नवीन रुजू झालेल्या माणसाकडे लवकरच एक काम येतं. "आपलं हँडबुक जुनं झालंय, रजेचं प्रकरण तेवढं नीट करून टाक." मग तो माणूस रजेचे प्रकार नव्याने मांडायला बसतो, सुंदर तक्ता करतो आणि पुढच्या महिन्यात तेच वाद पुन्हा सुरू होतात. कारण प्रकारांवरून वाद फारसा होतच नाही. सीएल आठ आणि पीएल अठरा हे ऑफिसात सगळ्यांना पाठ असतं. वाद होतो तो सांध्यांवर. महिन्याच्या मध्ये रुजू झालेल्याला किती रजा? दोन रजांच्या मध्ये सुट्टी आली तर ती कशात धरायची? अर्ज करूनही मॅनेजर काहीच बोलला नाही तर घरी राहायचं की यायचं? या तीन जागा पक्क्या केल्या की धोरणाचा बराचसा भाग आपोआप सुधारतो.

उदाहरणासाठी बाणेरमधलं एक कल्पित ऑफिस घेऊ. साठेक माणसं, पाच दिवसांचा आठवडा, शनिवार-रविवार सुट्टी, काम सॉफ्टवेअर सपोर्टचं. म्हणजे महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू. भोसरी-चाकणकडच्या कारखान्याला वेगळा कायदा लागतो, त्यामुळे हे कलम उचलून तिकडे चिकटवू नका.

आधी भांडणं गोळा करा

नेटवरून नमुना धोरण उतरवून घेण्याआधी पगारपत्रक करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. गेल्या वर्षभरात पगारात रजेमुळे कुठे कुठे दुरुस्ती करावी लागली, ते त्याला किंवा तिला विचारा. ईमेलच्या खोक्यात "रजा", "शिल्लक", "एलडब्ल्यूपी" असे शब्द टाकून शोधा. जी कारणं पुन्हा पुन्हा दिसतील, तीच तुमच्या नव्या धोरणाची अनुक्रमणिका. आमच्या या ऑफिसात ती अशी निघाली: जूनमध्ये आलेल्यांची पीएल, २ ऑक्टोबरला जोडून घेतलेल्या रजा, व्हॉट्सअॅपवर मागितलेली सीएल आणि नोकरी सोडताना मिळणारे रजेचे पैसे. पाचवं कारण पुण्यातच निघू शकतं: पालख्या शहरात येतात त्या दिवशी रस्ते बंद असतात, तर ऑफिसला न आलेल्याची हजेरी कशी लावायची? याचं उत्तर रजेच्या प्रकरणात शोधू नका. ती घरून कामाची बाब आहे, तिथेच एका ओळीत लिहून टाका.

मग कायद्याची पायरी आखून घ्या

कंपनी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. म्हणून खालची रेघ कुठे आहे ते आधी कागदावर लिहा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगाराला वर्षाला ८ किरकोळ रजा, म्हणजे सीएल, मिळतात. त्या तिमाहीने खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीस उरल्या तर बुडतात. अर्जित रजा, म्हणजे आपण ज्याला पीएल म्हणतो ती, आधीच्या वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे १ या हिशोबाने मिळते आणि ४५ पर्यंत साठवता येते. शिवाय ८ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी ठरवून.

ही रेघ सध्या हलती आहे. २०१७ चा कायदा आला तेव्हा तो १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला पूर्णपणे लागू होता; २०२५ मध्ये हा आकडा २० वर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यातल्या एका संहितेत २४० च्या जागी १८० दिवसांची अट आहे. म्हणून हँडबुकमध्ये "२४० दिवस" हा आकडा मुळात लिहूच नये असं माझं मत आहे. पहिल्या दिवसापासून दरमहा रजा जमा करत गेलात की पात्रतेच्या दिवसांचा प्रश्नच उरत नाही, आणि उद्या आकडा बदलला तरी तुमचं कलम तसंच राहतं. मसुदा झाल्यावर तो एकदा लेबर कन्सल्टंटच्या नजरेखालून घाला, पण कोरा कागद घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. ते कायद्याची भाषा जशीच्या तशी लिहून देतील आणि ती तुमच्या माणसांना कळणार नाही.

आणखी एक मोह टाळा. सीएल, पीएल, आजारपण सगळं एकत्र करून "वर्षाला ३० रजा, उरल्या तर बुडतील" असं लिहिलं की धोरण एका ओळीत संपतं. पण किरकोळ रजा बुडवता येते, अर्जित रजा ४५ पर्यंत साठवू द्यावी लागते. एकाच हंड्यात ओतल्यावर कुठली बुडाली आणि कुठली उरली, हे सांगता येत नाही. खाती वेगळीच ठेवा.

शब्द बांधून टाका

प्रकरणाच्या सुरुवातीला चार-पाच शब्दांचे अर्थ लिहा आणि पुढे तेच शब्द वापरा. "वर्ष" म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. (लेखाविभाग मनातल्या मनात एप्रिल ते मार्च धरत असतो, हे विसरू नका.) "दिवस" म्हणजे कॅलेंडरचा दिवस, "कामाचा दिवस" म्हणजे शनिवार, रविवार आणि जाहीर सुट्टी सोडून. "सुट्टी" ऑफिस बंद असताना असते आणि "रजा" माणूस मागून घेतो. बोलताना आपण दोन्हीला सुट्टीच म्हणतो, पण धोरणात एका ठिकाणी सुट्टी आणि दुसऱ्या ठिकाणी रजा असं मिसळलंत की पगारपत्रकात दोन अर्थ निघतात. "मॅनेजर" म्हणजे एचआर पोर्टलवर तुमच्या नावापुढे ज्याचं नाव आहे तो. बसायला ज्याच्या शेजारी आहात तो नाही. प्रोजेक्ट बदलत राहणाऱ्या ऑफिसात ही ओळ फार उपयोगी पडते.

"शक्यतो", "साधारणपणे", "योग्य कारण असल्यास", "व्यवस्थापनाच्या विवेकानुसार" असे शब्द जुन्या मसुद्यात लाल पेनाने गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी आकडा तरी यायला हवा, नाहीतर निर्णय घेणाऱ्या माणसाचं पद. दोन्ही सुचत नसेल, तर तो नियम अजून कोणी ठरवलेलाच नाही. आधी साहेबांकडे जाऊन तो ठरवून घ्या.

रजा जमा कशी होते

जुन्या हँडबुकात हे वाक्य होतं: "कर्मचाऱ्यास वर्षाला १८ पीएल मिळतील. वर्षाच्या मध्ये रुजू झाल्यास प्रो-राटा मिळतील." वाचताना यात काही खटकत नाही. आता १७ जून २०२६ ला रुजू झालेली एक अकाउंटंट घेऊ. एचआर दिवस मोजतो: १७ जून ते ३१ डिसेंबर १९८ दिवस, १८ गुणिले १९८ भागिले ३६५, म्हणजे ९.७६. पगारपत्रकवाला पूर्ण महिनेच धरतो: जुलै ते डिसेंबर सहा महिने, दरमहा दीड, म्हणजे ९. ती स्वतः जूनही मोजते: सात महिने, १०.५. तिघांचंही गणित बरोबर आहे, कारण वाक्यात तिघांनाही जागा आहे.

नवं कलम असं लिहा:

"प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी १.५ पीएल जमा होते आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून वापरता येते. १ ते १५ तारखेदरम्यान रुजू झाल्यास त्या महिन्याची १.५, १६ तारखेला किंवा नंतर रुजू झाल्यास ०.५ जमा होते. नोकरी सोडताना शेवटचा दिवस १५ तारखेला किंवा आधी असेल तर त्या महिन्याची ०.५, नंतर असेल तर १.५ जमा होते. एका महिन्यात बिनपगारी रजा १० कामाच्या दिवसांपेक्षा जास्त झाली तर त्या महिन्याची पीएल जमा होत नाही. प्रसूती रजेच्या काळात पीएल नेहमीप्रमाणे जमा होत राहते."

आता अकाउंटंटला जूनची ०.५ आणि पुढच्या सहा महिन्यांच्या ९ मिळून ९.५ मिळतात, आणि हे ती स्वतः बोटांवर मोजू शकते. ०.५ हा आकडा मुद्दाम निवडलाय. अर्ध्या दिवसाची रजा चालते, ०.२६ दिवसाची चालत नाही. जमा होणारा प्रत्येक आकडा अर्ध्याच्या पटीत ठेवला की राउंड करायचा वादच उद्भवत नाही.

दीड दिवस महिन्याला म्हणजे कायद्यापेक्षा कमी तर होत नाही ना, हेही तपासा. पाच दिवसांच्या आठवड्यात, सुट्ट्या वजा जाता, वर्षाला साधारण २५० कामाचे दिवस भरतात. दर २० मागे १ म्हणजे साडेबारा. सहा दिवस येणारा शिपाई किंवा ड्रायव्हर ३०० च्या आसपास जाईल, म्हणजे १५. अठरा दोघांनाही पुरतात. तुमची कंपनी वर्षाला १२ च पीएल देत असेल, तर हे गणित आजच करून बघा.

सीएलचं कलमही असंच. दर तिमाहीच्या पहिल्या दिवशी २ जमा. तिमाहीच्या पहिल्या दीड महिन्यात रुजू झालेल्याला २, त्यानंतर आलेल्याला १. आपल्या अकाउंटंटला जूनमध्ये १, जुलैत २, ऑक्टोबरमध्ये २, एकूण ५. इथे एक वाक्य हमखास राहून जातं: एका तिमाहीत न वापरलेली सीएल पुढच्या तिमाहीत चालू राहते, बुडते ती ३१ डिसेंबरलाच. हे लिहिलं नाही तर कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये दर तिमाहीला शून्य करून ठेवतं.

प्रोबेशनबद्दलही स्पष्ट लिहा. "प्रोबेशनमध्ये पीएल नाही" याचे दोन अर्थ होतात: जमाच होत नाही, किंवा जमा होते पण वापरता येत नाही. आपण लिहू की जमा पहिल्या महिन्यापासून होते, वापर तीन महिन्यांनंतर. सीएल मात्र पहिल्या दिवसापासून वापरता येते. कायद्यात तिला २४० दिवसांसारखी अट नाही.

राहिला नोकरी सोडतानाचा हिशोब. अकाउंटंटचा शेवटचा दिवस २० जानेवारी २०२७ आहे असं समजा. डिसेंबरपर्यंतच्या ९.५, जानेवारीची १.५, एकूण ११. मधे ४ वापरल्या, ७ उरल्या. तिचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये. एका दिवसाचा दर २६ ने भागून काढला तर १,५०० आणि हातात १०,५००. ३० ने भागला तर १,३०० आणि ९,१००. चौदाशे रुपयांचा फरक, तोही माणूस नाराज होऊन जात असताना. कलमात भाजक लिहा. मी २६ लिहीन, कारण रजा कामाच्या दिवसांत मोजली जाते, मग तिचा दरही कामाच्या दिवसाचा हवा. कोणता पगार धरायचा तेही लिहा. नुसतं "पगाराप्रमाणे" म्हणू नका.

४५ च्या मर्यादेचंही तसंच. शिल्लक ४५ झाल्यावर काय होतं? कायदा म्हणतो की १५ दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. म्हणजे "४५ च्या वर सगळं बुडेल" असं सरसकट लिहिता येत नाही. सोपा मार्ग असा: ३१ डिसेंबरला ४५ च्या वर जे असेल त्याचे पैसे जानेवारीच्या पगारात. आणि ३० सप्टेंबरला ज्यांची शिल्लक ४० च्या वर आहे त्यांना आणि त्यांच्या मॅनेजरला एचआरचा ईमेल, म्हणजे लोक रजा घेतील आणि कंपनीचे पैसेही वाचतील.

मधे आलेली सुट्टी

२०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे. एकाने गुरुवार १ ऑक्टोबर आणि सोमवार ५ ऑक्टोबरची पीएल टाकली. किती कापायच्या, दोन की पाच? ऑफिसात याला सँडविच म्हणतात आणि प्रत्येक मॅनेजरचा सँडविचचा नियम वेगळा असतो. जुन्या कारखाने कायद्यात अर्जित रजेच्या मधे किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत धरली जात नव्हती. ऑफिसनेही तोच नियम ठेवावा, असं मी सांगेन. "पीएल, सीएल आणि आजारपणाची रजा फक्त कामाच्या दिवसांत मोजली जाते, मधली साप्ताहिक किंवा सणाची सुट्टी मोजली जात नाही." म्हणजे वरच्या उदाहरणात दोन. अपवाद दोनच लिहा: प्रसूती रजा आठवड्यांत मोजतात, तिथे कॅलेंडर धरायचं, आणि बिनपगारी रजेबाबत कंपनीचा जो काही निर्णय असेल तो, पण शब्दांत लिहिलेला.

उलटं उदाहरणही कलमाखाली द्या. १५ ऑगस्ट २०२६ शनिवारी येतो, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. बदली सुट्टी मिळणार का? बरीच ऑफिसं देत नाहीत, काही देतात. उत्तर काहीही असो, वर्षाच्या सुरुवातीला लावायच्या सुट्ट्यांच्या यादीतच ते छापा, कारण ऑगस्टमध्ये विचारलेल्या प्रश्नाला ऑगस्टमध्ये दिलेलं उत्तर कोणालाच न्याय्य वाटत नाही.

मंजुरी: घड्याळ कोणाच्या हातात

जुनं वाक्य: "रजेसाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे." यात कोण, कुठे, किती दिवसांत आणि उत्तर आलं नाही तर काय, हे चारही प्रश्न उघडे राहतात. "सर, उद्या येत नाही" या मेसेजवर आलेला अंगठा ही मंजुरी की नुसतं "वाचलं", यावर अर्धा तास मीटिंग झालेली मी पाहिली आहे.

मंजुरी आणि खबर यात आधी फरक करा. पीएल आणि सीएलला मंजुरी लागते. आजारपणात फक्त खबर द्यायची असते. तापाने फणफणलेल्या माणसाने परवानगी मागायची नसते. सकाळी १० पर्यंत मॅनेजरला फोन किंवा मेसेज, कामावर परत आल्यावर २ कामाच्या दिवसांत पोर्टलवर नोंद, सलग २ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट. आजारपणाची रजा दुकाने कायद्यात वेगळी दिलेली नाही, ती कंपनीची देणगी आहे. म्हणून तिचा कोटा आणि बुडण्याची तारीख तुम्हीच ठरवा, पण ठरवा.

मंजुरीचं कलम असं:

"अर्ज फक्त पोर्टलवर. सलग ३ किंवा जास्त कामाच्या दिवसांची पीएल १५ दिवस आधी, त्याहून कमी ३ कामाचे दिवस आधी. मॅनेजरने अर्जाच्या पुढच्या २ कामाच्या दिवसांत मंजूर किंवा नामंजूर करावं. नामंजूर करताना कारण आणि दुसरी तारीख पोर्टलवर लिहावी. उत्तर न आल्यास अर्ज विभागप्रमुखाकडे जातो. त्यांनी १ कामाच्या दिवसात उत्तर द्यावं. तेही न आल्यास रजा मंजूर समजावी. सीएल ऐनवेळी मागितली असेल तर रजेच्या आदल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर न आल्यास मंजूर समजावी."

हे कलम साहेबांपुढे गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे मॅनेजर विसरला तर रजा आपोआप मंजूर?" हो, तेच. अर्ज वेळेत करणं हे कर्मचाऱ्याचं काम, उत्तर वेळेत देणं मॅनेजरचं. दोघांनाही मुदत घातली की मगच नियम समतोल होतो. ते अगदीच नको म्हणाले तर शेवटची पायरी एचआरप्रमुखाकडे न्या, पण "उत्तर येईपर्यंत थांबावे" असं लिहू नका.

घड्याळ चालवून बघू. १ आणि ५ ऑक्टोबरच्या रजेचा अर्ज बुधवार ९ सप्टेंबर २०२६ ला केला. मॅनेजरचे दोन दिवस गुरुवार १० आणि शुक्रवार ११. तो गप्प. अर्ज विभागप्रमुखाकडे गेला. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी, ती यादीतली सुट्टी. म्हणून विभागप्रमुखाचा दिवस मंगळवार १५. त्या दिवसअखेरीस उत्तर नसेल तर रजा मंजूर. "कामाचा दिवस" आधी बांधला नसता तर हे घड्याळ कोणी चतुर्थीलाच थांबवलं असतं. तुमच्या पोर्टलमध्ये आपोआप वर पाठवायची सोय नसेल, तर हे काम एचआरमधल्या कोणाचं, ते पदासह लिहा.

वाचून नव्हे, सोडवून तपासा

मसुदा "कसा वाटतोय" म्हणून कोणाला पाठवू नका. सगळे "छान आहे" म्हणतात. तीन माणसं घ्या: पगारपत्रकवाला, एक मॅनेजर आणि महिन्याभरापूर्वी आलेला कोणीतरी. गोळा केलेल्या भांडणांमधून पाच-सहा प्रश्न तारखांसह काढा आणि तिघांना वेगवेगळं बसवून फक्त कलम वाचून आकडा लिहायला सांगा. "२२ सप्टेंबरला रुजू, ३१ डिसेंबरला पीएल किती?" नव्या कलमानुसार उत्तर ५ यायला हवं: सप्टेंबरची ०.५ आणि तीन महिन्यांच्या ४.५. तिघांचे आकडे जुळले नाहीत तर चूक वाचणाऱ्याची नसते, वाक्य पुन्हा लिहा. एखाद्याने उत्तर द्यायच्या आधी "हे साहेबांना विचारावं लागेल" म्हटलं, तर तिथे अजून एक "शक्यतो" लपलेला आहे.

जुन्यातून नव्यात

नव्या धोरणात कर्मचाऱ्यांचं काही कमी होणार असेल तर ते मागच्या दाराने करू नका. कायद्याच्या अर्थाने जे कामगार आहेत त्यांच्या रजेच्या शर्ती त्यांना तोट्यात टाकणाऱ्या पद्धतीने बदलायच्या तर आधी २१ दिवसांची नोटीस लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट कलम ९-अ मध्ये होती, नव्या संहितेतही आहे. बदल १ जानेवारीपासून लागू करा म्हणजे वर्ष मधेच तुटत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला त्याची जुन्या नियमाने निघालेली शिल्लक ईमेलने कळवा, हरकत घ्यायला १५ दिवस द्या, आणि ३१ डिसेंबरच्या आकड्याने नवं खातं उघडा. जुन्या हिशोबात निघालेले ९.७६ सारखे आकडे नव्या खात्यात टाकताना वरच्या अर्ध्यावर न्या, म्हणजे १०. यात कंपनीचे माणशी अर्ध्या दिवसाहून कमी जातात. हँडबुकच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि लागू तारीख छापा, आणि जुनी प्रत फेकू नका: पुढच्या मार्चमध्ये कोणीतरी गेल्या दिवाळीतल्या रजेबद्दल विचारायला येईल, तेव्हा त्याचं उत्तर जुन्या कलमातच असेल.